दाराच्या कडीला लावलेली पुडी

पहाटे साडेपाचला आमच्या दाराची कडी हलते. कुणी बेल वाजवत नाही, हाक मारत नाही. सहाला दार उघडलं की कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत फुलपुडी असते. आत चार झेंडू, दोन शेवंती, मूठभर बिजली, तुळशीची दोन-तीन पानं, दुर्वांची बारीक जुडी आणि अजून न उमललेली जास्वंदीची एक कळी. पुण्यात माझ्यासारखी अनेक घरं आहेत, जिथे दूध, वर्तमानपत्र आणि फुलपुडी या तिन्ही गोष्टींचा रतीब असतो. दूध कुठून येतं आणि किती पैशांना पडतं हे आपल्याला ठाऊक असतं. पुडीचं मला काहीच ठाऊक नव्हतं. गेल्या माघात पुडीवाल्या मावशींबरोबर दोन दिवस हिंडले, त्यांच्या ओट्यावर बसून हार ओवले, काही बिघडवले, तेव्हा कळलं.

देवळापाशी हार विकणारी बाई आणि घरोघर पुडी देणारी बाई एकच फूल विकतात, पण त्यांचे धंदे वेगळे. देवळापाशी भाव रोज ठरतो. बाजारात झेंडू महागला की हार महागतो आणि गिऱ्हाईकही ते समजून घेतं. रतीबाचं तसं नाही. पुडी दहा रुपयांची ठरली की ती महिनोन्‌महिने दहाचीच. बाजारातला भाव मात्र रोज हलतो, आणि फुलांचा जितका हलतो तितका भाजीचाही हलत नाही. बांधलेला भाव आणि सुटलेला बाजार यांच्या मध्ये मावशी उभ्या असतात. त्यांचं सगळं कसब तिथे आहे.

मावशींकडे साठ घरं आहेत. पंचेचाळीस घरी साधी पुडी, दिवसाला १० रुपये. पंधरा घरी पुडी आणि देवघरातल्या तसबिरीसाठी छोटा हार, दिवसाला २५ रुपये. म्हणजे रोजचे ८२५ रुपये. हे पैसे रोज हातात पडत नाहीत, महिना संपल्यावर येतात. काही घरांतून पाच तारखेला येतात, काही घरांतून वीस तारखेला. बाजारात मात्र रोज रोख मोजावे लागतात.

आम्ही सकाळी साडेदहाच्या सुमारास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचलो. मला वाटलं होतं, फुलं पहाटे घेत असतील. मावशी म्हणाल्या, "पहाटेचं फूल हारवाल्यांचं आणि मंडपवाल्यांचं. आपलं फूल उरल्यानंतरचं." पुरंदर, दौंड, हवेली अशा भागांतून रात्री निघालेला माल पहाटे उतरतो, मोठी खरेदी उजाडायच्या सुमारास होते. दहा-साडेदहानंतर गाळ्यांवर उरलेला माल काढायची घाई असते, आणि भाव खाली येतो. त्या वेळी घेतलेलं फूल दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आपल्या देव्हाऱ्यात पोचायचं असतं, म्हणजे ते अजून वीस तास टिकायला हवं. म्हणून स्वस्त घेणं आणि टिकाऊ घेणं या दोन्ही गोष्टी एकाच नजरेत बसवाव्या लागतात.

मावशी गोणीवरचं फूल पाहत नाहीत. वरचं फूल नेहमी चांगलंच असतं. त्या थेट गोणीच्या मधोमध हात खुपसतात. फूल तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि त्यातून ऊब निघते. ढीग दाटीनं भरला असेल तर ती ऊब आत कोंडते आणि मधलं फूल आधी सडायला लागतं. हाताला मध्ये कोमट लागलं की मावशी पुढच्या गाळ्यावर जातात, भाव कितीही कमी असो. मग चार फुलं उचलून उलटी करून बघतात. झेंडूचा देठ काळपट, चिकट झाला असेल तर पाकळी कितीही भगवी दिसली तरी सकाळपर्यंत ती गळणार. शेवटी फूल झटकतात. पाणी मारलेला माल झटकला की हात ओला होतो. ते पाणी आपण फुलाच्या भावानं विकत घेतो, आणि वर तेच पाणी फूल कुजवतं. पावसाळ्यात तर शेतातूनच भिजलेला झेंडू येतो, त्याला इलाज नसतो. मग मावशी झेंडू निम्मा करतात आणि बिजली, अॅस्टर वाढवतात.

त्या दिवशी पाच किलो मिश्र फुलं घेतली. सरासरी किलोला ५० रुपये पडले, म्हणजे २५०. गुलाबाची गड्डी ३० रुपयांना. दुर्वा, बेल, तुळस मिळून ६०. कागद-दोऱ्याचे २० आणि बसभाडं ४०. एकूण ४०० रुपये. आठशे पंचवीसांतून चारशे गेले, राहिले ४२५. हे राहिलेले पैसे म्हणजे सकाळचा बाजार, संध्याकाळचं ओवणं, रात्रीचं पुड्या बांधणं आणि पहाटेचे जिने यांची मजुरी.

चांगल्या महिन्याचा हा हिशेब. आता गणपतीचे दहा दिवस घ्या. मिश्र फुलांचा भाव किलोला १५० धरला तर त्याच पाच किलोचे ७५० होतात. गुलाब ६०, दुर्वा-पत्री १५०, कागद-दोरा आणि भाडं ६०. खर्च १,०२० आणि उत्पन्न तेच ८२५. म्हणजे आपण ज्या दिवसांत समजतो की फुलवाल्यांची चांदी आहे, त्या दिवसांत रतीबाची पुडी पूर्वीसारखी भरली तर रोज १९५ रुपयांचा तोटा. मावशी त्या दिवसांत फूल पाच किलोवरून तीन किलोवर आणतात, पत्रीतला बराचसा भाग आपल्या कुंड्यांतल्या तुळशीनं भरून काढतात आणि पुडीत एकाऐवजी दोन हिरव्या गोष्टी घालतात. तेव्हा खर्च ६७०वर येतो आणि हातात १५५ राहतात. सणाची कमाई होते ती वेगळी मागणी देऊन करून घेतलेल्या हारांवर, कारण त्यांचा भाव त्या दिवशीचा असतो.

याच्या उलट पितृपंधरवडा. देवळापाशी त्या पंधरा दिवसांत शुकशुकाट असतो. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, नव्या दुकानांची उद्घाटनं नाहीत. फुलाला उठाव नसतो आणि भाव पडतो. घरातली रोजची पूजा मात्र चालूच असते. किलोला २५ रुपयांनी फूल मिळालं तर पाच किलोचे १२५, गुलाब २०, पत्री ५०, बाकी ६०. खर्च २५५. हातात ५७० रुपये. "आमची दिवाळी पितरात," असं मावशी म्हणाल्या ते मला आधी कळलंच नव्हतं. त्या पंधरवड्यात त्या पुडी मुद्दाम भरगच्च देतात. गणपतीत कमी दिलं ते इथे परत करायचं, असा त्यांचा स्वतःशी ठरलेला व्यवहार आहे. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. आपण गणपतीत "मावशी, फुलं फारच कमी झाली हो" म्हणतो आणि पितरात भरलेल्या पुडीकडे आपलं लक्षही जात नाही.

दुपारी घरी आल्यावर पहिलं काम फुलं मोकळी करण्याचं. फरशीवर ओलं गोणपाट, त्यावर फुलांचा पातळ थर, वर पंखा नाही. पंख्यानं पाकळ्या कोमेजतात. बंद पिशवीत फूल एक तासही ठेवत नाहीत, कारण आत घाम धरतो. मोगरा पुडीत जवळजवळ नसतोच. तो कळीचा विकत घ्यायचा असतो आणि संध्याकाळी उमलून रात्रीतून पिवळा पडतो. गजऱ्याला त्याचा उपयोग, सकाळच्या पूजेला नाही. जास्वंदीचं नेमकं उलट. तिचं फूल एका दिवसाचं असतं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. म्हणून मावशी उमललेली जास्वंद घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी उमलेल अशी फुगलेली, टोकाला रंग दिसणारी कळी त्या संध्याकाळी झाडावरून तोडतात. ती पाण्यात ठेवली नाही तरी सकाळी आपली आपण उमलते. पुडी उघडल्यावर मिटलेली कळी दिसली म्हणून कित्येक घरांतून पूर्वी तक्रार यायची. आता सगळ्यांना माहीत झालंय की ती ताम्हनात ठेवायची आणि आंघोळ आटोपून यायचं.

मग हार ओवायला बसलो. हाराची सुई लांब असते, एका वेळी आठ-दहा फुलं तिच्यावर बसतात आणि मग ती एकदम दोऱ्यावर सरकवायची. काम सोपं दिसतं. माझा पहिला हार मावशींनी उचलून खिळ्याला अडकवला. पाच मिनिटांत फुलं सगळी खाली सरकली आणि वर बोटभर दोरा उघडा पडला. मी सैल ओवला होता. दुसरा हार मी घट्ट केला, फुलावर फूल रेटून. तो छान दिसत होता. मावशी म्हणाल्या, "हा सकाळी बघा." सकाळी त्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. दाबलेली पाकळी रात्रीतून काळवंडते. दोन्हींच्या मधली जी ओढ असते ती बोटांनाच समजते, आणि ती समजायला मावशींना एक पावसाळा लागला होता.

आणखी एक चूक मी केली. झेंडूचा देठ हारात टोचू नये म्हणून तो अगदी मुळाशी कापला. हार खिळ्याला लावला तर खाली पाकळ्यांचा सडा. त्याचं कारण फुलाच्या घडणीत आहे. झेंडू किंवा शेवंतीची आपण जिला पाकळी म्हणतो ती खरं तर पाकळी नसून एकेक स्वतंत्र छोटं फूल असतं. अशी कितीतरी फुलं देठाच्या टोकावरच्या एका गादीवर दाटीनं उभी असतात आणि हिरवी वाटी त्यांना बाहेरून आवळून धरते. देठ कापताना विळी त्या वाटीत गेली की आवळणं सुटतं आणि सगळी फुलं मोकळी होतात. म्हणून देठ गव्हाच्या दाण्याएवढा ठेवायचा. सुईही त्या गादीच्या मधोमध जायला हवी. बाजूनं गेली तर वाटी उकलते. मावशी सुई घालताना फुलाकडे बघत नाहीत, अंगठ्यानं खालची वाटी चाचपतात.

गजऱ्याची आणि वेणीची गोष्ट वेगळी. तिथे सुई नाही. दोन-दोन कळ्या एकमेकींकडे पाठ करून ठेवायच्या आणि दोऱ्याचा फास आवळायचा. पूर्वी त्यासाठी केळीच्या सोपाची दोरी असायची, भिजवून मऊ केलेली. गोव्यात अबोलीची फाती अजून तशी बांधतात. ती दोरी फुलाला कापत नाही आणि ओल धरून ठेवते. मावशींच्या आईच्या घरी मागच्या अंगणात केळ होती. मावशींच्या घराला अंगण नाही, त्यामुळे त्या सुती दोरा ओला करून वापरतात.

दुर्वांचं काम मात्र त्या कुणाला देत नाहीत. तीन पात्यांचा कोवळा तुरा निवडायचा, असे एकवीस तुरे एकत्र करून बुडाशी दोरा गुंडाळायचा. जानेवारीत हे सोपं असतं. एप्रिल-मे महिन्यांत मोकळ्या जागेतली हरळी वाळून जाते, तेव्हा पाण्याखालच्या बांधावरची दुर्वा कुणी आणून देईल तो भाव द्यावा लागतो, आणि त्यात भलतंच जाडसर गवत मिसळलेलं असतं. मावशी जुडी सोडून पुन्हा निवडतात. साठ जुड्यांना दीड तास लागतो. संकष्टीला आमच्या पुडीत जुडी मोठी असते ती याच हातांनी.

शनिवारी मारुतीच्या रुईच्या माळा असतात. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दृष्टीला इजाही होऊ शकते. म्हणून पानं दुपारीच तोडून, चीक सुकू देऊन, पुसून मग ओवायची आणि नंतर हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. घरी माळ करणाऱ्यांनी हे जरूर पाळावं, मुलं जवळ असतील तर अधिकच. पिवळ्या कण्हेराचंही तसंच, तिचा चीक विषारी असतो.

मावशींच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर दोन रंगांच्या खुणा. लाल खुणा देवाच्या: सोमवारी बेल, गुरुवारी दत्ताला पिवळी शेवंती, चतुर्थीला जास्वंद, मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेणी. निळ्या खुणा माणसांच्या. कुठल्या घरी कोण गावाला गेलंय, कुठे सुतक आहे, कुठे सोयर. सुतकात पूजा बंद म्हणून पुडी बंद. बारा-तेरा दिवसांनी पुडी परत सुरू करायची, पण ती कधी ते विचारायला मावशी फोन करत नाहीत. तेराव्यानंतर एक दिवस जाऊन दाराशी उभ्या राहतात, चौकशी करतात, आणि मगच विचारतात. मे महिना सगळ्यात कठीण. निम्मी घरं गावाला आणि उन्हानं फूल सकाळपर्यंत टिकत नाही.

या न घेतलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. महिन्याच्या शेवटी गिऱ्हाईक आपल्या कॅलेंडरवरचे खाडे मोजतं आणि तेवढे पैसे कापून देतं. रीत न्याय्य आहे. पण रात्री पुड्या बांधताना मी जे पाहिलं ते सांगते. साडेआठला मावशींचा फोन वाजायला लागला. "मावशी, उद्या आम्ही नाही हं, पुडी नको." पाऊण तासात असे चार फोन आले. दोघांनी तर "आधी कळवतोय बरं का" असं आवर्जून सांगितलं. मावशी प्रत्येकाला "हो ताई, हो दादा" म्हणाल्या आणि चार बांधलेल्या पुड्या बाजूला ठेवल्या. साध्या पुडीत साधारण ५ रुपयांचा माल असतो. गिऱ्हाइकानं १० रुपये कापले, आणि मावशींचे ५ रुपये आधीच बाजारात गेलेले होते. त्या पुड्या दुसऱ्या दिवसाच्या गिऱ्हाइकाला देता येत नाहीत. शिळं फूल एकदा दिलं की ते घर गेलंच. त्या चार पुड्या पहाटे कोपऱ्यावरच्या मारुतीला वाहिल्या गेल्या. रोज चार म्हटलं तर महिन्याला ६०० रुपयांचा माल असा जातो.

मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही सांगत का नाही?" त्या म्हणाल्या, "कसं सांगणार? त्यांना वाटतं मी रात्री झाडावरून तोडते."

पुडी बांधायला कागद असतो. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली त्याच्या आधीही मावशी प्लॅस्टिक टाळायच्या, कारण बंद पिशवीत फूल घामेजून सकाळी चिकट होतं. पूर्वी पळसाच्या पानात पुडी यायची, ते सर्वांत उत्तम होतं. आता पान आणणारं कुणी राहिलं नाही. वर्तमानपत्राचा कागद, आत तुळशीचं पान खाली, फुलं वर, जास्वंदीची कळी सर्वांत वर म्हणजे ती दबणार नाही. दोऱ्याचे दोन वेढे. साठ पुड्या, ओल्या फडक्यानं झाकलेल्या टोपलीत. रात्रीचे अकरा. पहाटे पावणेपाचला त्या उठल्या तेव्हा मी अजून जागी व्हायचे होते.

आपल्या दारी पुडी येत असेल तर तीन गोष्टी करता येतील. कडीला सुती पिशवी लावा, प्लॅस्टिकची नको. पैसे पाच तारखेच्या आत द्या, कारण बाजारात उधारी चालत नाही. आणि खाडा असेल तर आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत कळवा. साडेदहाला मावशी गाळ्यावर असतात, आणि अकरापर्यंत तुमच्या उद्याच्या पुडीतली फुलं विकत घेऊन झालेली असतात.